सहा दाती म्हणजे सहा वर्षांचा नव्हे : जनावराचे दात वयाबद्दल काय सांगतात

सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १८ मे २०२३ रोजी बैलगाडा शर्यतींना परवानगी देणारा महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवला. तेव्हापासून शर्यतींच्या बातम्या आणि जाहिराती शहरातल्या वाचकांपर्यंतही पोहोचू लागल्या, आणि त्यांच्याबरोबर ‘आदत गट’, ‘दुसा’, ‘चौसा’ हे शब्दही आले. हे गट वजनावर किंवा उंचीवर ठरत नाहीत, ते दातांवर ठरतात. ज्या खोंडाचा दुधाचा एकही दात अजून पडलेला नाही तो आदत, ज्याला कायमचे दोन दात आले तो दुसा आणि ज्याला चार आले तो चौसा. सांगोल्याच्या बाजारात गाय घेणारा शेतकरी जनावराचे ओठ उघडून जे पाहतो, तेच शर्यतीच्या मैदानावर पंचही पाहतो.

ही पद्धत जुनी आहे आणि भरवशाची आहे, मात्र तिचा भरवसा एका मर्यादेपर्यंतच चालतो. ती मर्यादा कुठे संपते हे ठाऊक नसल्यामुळे घेणारा फसतो आणि कधीकधी प्रामाणिक विकणाराही खोटा ठरतो. म्हणून दातांवरून वय कसे काढतात, त्या अंदाजात किती चूक राहू शकते आणि सौद्यात त्याचा उपयोग कसा करावा, हे गाय, बैल आणि म्हैस यांच्यापुरते येथे पाहू.

वरचे दात नाहीत, म्हणून जनावर म्हातारे का?

प्रथमच जनावर घेणाऱ्याला हा प्रश्न हमखास पडतो. गायीम्हशींना वरच्या जबड्यात पुढचे दात कधीच नसतात. त्या जागी जाड, चिवट हिरडी असते आणि गवत जिभेने ओढून खालच्या दातांनी त्या हिरडीवर दाबून तोडले जाते. दाढा मात्र वर आणि खाली दोन्हीकडे असतात, पण त्या खूप आत असल्यामुळे वय पाहताना त्यांचा उपयोग होत नाही. आपल्याला पाहायचे ते फक्त खालच्या जबड्यातले पुढचे आठ दात, म्हणजे चार जोड्या. अगदी मधली पहिली जोडी, तिच्या दोन्ही बाजूंची दुसरी, मग तिसरी आणि टोकाला, म्हणजे कोपऱ्यात, चौथी.

आणखी एक गैरसमज येथेच दूर करायला हवा. हे पुढचे दात बोटाने दाबले की थोडे हलतात. निरोगी, तरण्या जनावराचेही हलतात, कारण कडक हिरडीवर दाबताना धक्का सोसण्यासाठी त्यांची बैठक मुळातच थोडी सैल असते. ‘दात हलतात, म्हणजे वय झाले’ असे म्हणून भाव पाडणाऱ्याचे म्हणणे म्हणूनच खरे मानू नये.

दुधाचा दात आणि कायमचा दात

वासरू जन्मते तेव्हा त्याच्या तोंडात बहुधा दुधाचे काही दात असतात आणि सुमारे महिनाभरात आठही दिसू लागतात. पुढे आपल्या मुलांचे होते तसेच होते. सहाव्या-सातव्या वर्षी मुलाचे पुढचे दात पडू लागतात आणि त्यांच्या जागी मोठे दात येतात, हे आपण घरात पाहिलेले असते. मुलाच्या तोंडातले दोन मोठे दात पाहून ‘हा सात वर्षांच्या आसपासचा असेल’ असे आपण सांगू शकतो, पण त्याचा वाढदिवस सांगू शकत नाही. जनावराच्या बाबतीतही दात नेमके एवढेच सांगतात.

दुधाचा दात लहान, पांढराशुभ्र आणि अरुंद असतो आणि हिरडीजवळ त्याची मान बारीक झालेली स्पष्ट दिसते. कायमचा दात त्याच्या जवळजवळ दुप्पट रुंद, फावड्याच्या पात्यासारखा आणि किंचित पिवळसर असतो. दोन्ही शेजारी शेजारी असले की कोणालाही फरक कळतो. घोळ होतो तो तोंडात एकाच प्रकारचे दात असताना. दीड-पावणेदोन वर्षांच्या खोंडाचे दुधाचे दात झिजून बुटके झालेले असतात आणि त्यांच्यात फटी पडलेल्या असतात. बारा-तेरा वर्षांच्या बैलाचे कायमचे दातही झिजून खुंट्यांसारखे होतात आणि त्यांच्यातही फटी पडतात. नुसते दात पाहिले तर अगदी कोवळे आणि अगदी म्हातारे तोंड एकमेकांसारखे भासू शकते. अशा वेळी हिरडीकडे पाहावे. म्हाताऱ्या जनावराची हिरडी खाली सरकलेली असते, त्यामुळे दाताचा मुळाकडचा पिवळा-तपकिरी भाग उघडा पडतो. कोवळ्या तोंडात असे होत नाही.

दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेले

कायमचे दात मधून बाहेरच्या बाजूला, जोडीजोडीने येतात. पहिली जोडी आली की जनावर दोन दाती, दुसरी आली की चार दाती, तिसरी आली की सहा दाती, आणि कोपऱ्यातली चौथी जोडी येऊन आठही दात एका रांगेत बसले की ‘जुळले’ असे म्हणतात. जोडीतले दोन्ही दात एकाच दिवशी येत नाहीत. डावा आधी आणि उजवा काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी, असेही होते. म्हणून एकच मोठा दात दिसला तर त्यात काही लबाडी आहे असे लगेच समजू नये.

आता या लेखाच्या शीर्षकातल्या मुद्द्याकडे येऊ. दातांची संख्या ही वर्षांची संख्या नव्हे. खिलार, देवणी किंवा लाल कंधारी अशा देशी जनावराला पहिली जोडी साधारण दोन ते अडीच वर्षांत येते, दुसरी तीन वर्षांच्या सुमारास, तिसरी साडेतीन ते चार वर्षांत आणि चौथी साडेचार ते पाच वर्षांत. म्हणजे सहा दाती खिलार बैल सहा वर्षांचा नसतो, तो चारच्या आसपासचा असतो, आणि आठ दात दिसले म्हणून त्याला आठ वर्षांचा समजणारा माणूस ऐन उमेदीतला बैल हातचा घालवतो.

जर्सी किंवा होल्स्टीन रक्ताच्या संकरित गायीत हेच टप्पे लवकर येतात. पहिली जोडी दोन वर्षांच्या थोडी अलीकडे दिसते आणि चौथी चार वर्षांच्या आसपास पूर्ण होते. म्हशीत मात्र सगळेच उशिरा होते. पहिली जोडी अडीच ते तीन वर्षांत येते आणि जुळायला पाच ते साडेपाच वर्षे लागतात. तीन दावणींना संकरित कालवड, खिलार खोंड आणि पंढरपुरी रेडी अशी तीन दोन दाती जनावरे बांधलेली असतील, तर पहिले दोन वर्षांचेही नसेल आणि तिसरे जवळजवळ तीन वर्षांचे असेल. म्हणून दात मोजण्याआधी जात विचारावी.

शिवाय एकाच जातीतही सहा महिन्यांची वर-खाली असते. पोटभर वैरण आणि खुराक मिळालेल्या जनावराचे दात वेळेवर येतात, उपासमार झालेल्याचे लांबतात. एकाच दिवशी जन्मलेले दोन खोंड दातांमुळे वेगवेगळ्या गटांत जाऊ शकतात, कारण एकाने दात लवकर पाडला आणि दुसऱ्याने उशिरा. यात कोणाची फसवणूक असेलच असे नाही. आदत म्हणून विकायच्या खोंडाच्या बाबतीत मात्र घेणाऱ्याने मधल्या दोन दातांखालची हिरडी नीट पाहावी. ती सुजलेली, ताणलेली असेल किंवा दुधाचे मधले दात जास्तच हलत असतील, तर तो खोंड लवकरच दुसा होणार आहे आणि आदतच्या भावाने घेतलेला खोंड थोड्याच दिवसांत त्या गटाबाहेर जाणार आहे.

जुळल्यानंतर काय पाहायचे?

पाच वर्षांपर्यंत नवे दात येत असतात, म्हणून अंदाज सोपा असतो. त्यानंतर नवे काहीच येत नाही, जे आहे ते झिजत जाते. येथून पुढे वय काढणे म्हणजे चपलेचा तळवा पाहून ती किती दिवस वापरली आहे हे सांगण्यासारखे आहे. तळवा झिजला आहे हे खरे, पण चालणारा डांबरी रस्त्याने गेला की मुरमाच्या पायवाटेने, हे ठाऊक नसेल तर दिवस मोजता येत नाहीत.

झीज पाहायची रीत अशी. नव्या दाताची वरची कड धारदार आणि वाकडी असते. ती घासून सपाट होऊ लागली की कडक पांढऱ्या आवरणाच्या आतला पिवळसर, मऊ थर उघडा पडतो. या थराला दंतिन म्हणतात. आधी त्याची बारीक रेघ दिसते, मग पट्टा दिसतो आणि शेवटी दात वरून पूर्ण सपाट होतो. मधली जोडी सर्वांत आधी आलेली असल्यामुळे तीच आधी झिजते. देशी जनावरात साधारण सहा-सात वर्षांत मधली जोडी सपाट होते, आठच्या आसपास दुसरी, नऊच्या आसपास तिसरी आणि दहाच्या सुमारास कोपऱ्यातलीही. त्यापुढे दातांत फटी वाढतात, माना उघड्या पडतात आणि बारा वर्षांनंतर खुंट्या उरतात.

हे आकडे मी मुद्दाम ‘साधारण’ म्हणून दिले आहेत. जुळण्यापूर्वीच्या अंदाजात सहा महिन्यांची चूक धरावी, जुळल्यानंतर मात्र एक ते दोन वर्षांची, आणि दहा वर्षांनंतर आकडा न सांगता ‘म्हातारे’ एवढेच म्हणणे खरेपणाचे आहे. माळरानावर आखूड, वाळलेले गवत मातीखड्यांसह खाणाऱ्या जनावराचे दात, गोठ्यात हिरवी वैरण खाणाऱ्या जनावरापेक्षा कितीतरी लवकर झिजतात. पाण्याचाही परिणाम होतो. यवतमाळ, चंद्रपूर आणि नांदेड जिल्ह्यांतल्या काही भागांत भूजलात फ्लोराइडचे प्रमाण जास्त आहे. दात हिरडीखाली घडत असताना जनावराला असे पाणी मिळाले, तर दात डागाळलेले, खडबडीत आणि कमकुवत निघतात आणि लवकर झिजतात. अशा भागातून आलेले सहा वर्षांचे जनावर दातांवरून नऊ वर्षांचे वाटू शकते. तपकिरी आडवे डाग दिसले तर झिजेवरून वय सांगण्याचा नाद सोडावा.

दात घासले असतील तर?

झीज ही एका क्रमाने होते, आणि लबाडी ओळखायला हा क्रमच उपयोगी पडतो. मधले दात जास्त झिजलेले, कोपऱ्यातले कमी आणि मधल्यांवर दंतिनाचा रुंद पट्टा, हे नैसर्गिक चित्र आहे. वेडेवाकडे, लांबलेले दात कोणी कानशीने सारखे केले असतील, तर आठही दात एकाच उंचीचे दिसतात, कडेवर बारीक समांतर ओरखडे उमटतात आणि घासलेली जागा आजूबाजूपेक्षा ताजी, फिकी दिसते. बोट फिरवले तर नैसर्गिक झीज गुळगुळीत लागते, कानशीची खरखरीत लागते.

शिंगांवरच्या वळ्यांबद्दल थोडक्यातच सांगतो. शिंगाच्या बुडाशी असलेल्या वळ्या मोजून त्यांत दोन मिळवले की वय येते, असा ठोकताळा आहे. पण बाजारात आणण्यापूर्वी शिंगे साळून, तेल लावून गुळगुळीत करण्याची रीत इतकी सार्वत्रिक आहे की त्या वळ्या बहुतेक वेळा शिल्लकच नसतात. शिंगे साळणे ही सजावट आहे, त्याला फसवणूक म्हणता येणार नाही. वयासाठी मात्र शिंगांचा आधार घेऊ नये.

एका म्हशीचे उदाहरण

समजा, बाजारात एक म्हैस आहे. खाली दहा दिवसांचे रेडकू आहे. विकणारा सांगतो, ‘दुसरं वेत आहे, पाच वर्षांची आहे.’ आपण ओठ खाली करून पाहतो. आठही दात कायमचे आहेत. मधल्या दोन जोड्या पूर्ण सपाट आहेत, त्यांच्यात फट आहे आणि माना दिसू लागल्या आहेत. तिसरी जोडी जवळजवळ सपाट आहे आणि कोपऱ्यातल्या दातांची धार गेली आहे. दातांवर डाग नाहीत.

म्हैस जुळायलाच पाच ते साडेपाच वर्षे लागतात, त्यामुळे पाच वर्षांच्या म्हशीचे कोपऱ्यातले दात नुकते येत असायला हवेत, त्यांची धार जाणे शक्यच नाही. हे तोंड नऊच्या आसपासचे आहे. दोन वर्षे चूक धरली तरी ते सातच्या खाली येत नाही. म्हणजे ‘पाच वर्षांची’ हे विधान टिकत नाही.

‘दुसरे वेत’ हे विधान मात्र लगेच खोटे म्हणता येत नाही, आणि येथेच घाई होते. म्हैस चौथ्या वर्षी पहिल्यांदा व्याली आणि पुढे दर पंधरा महिन्यांनी व्यात गेली असे धरले, तर चार, सव्वापाच, साडेसहा, पावणेआठ आणि नऊ वर्षे असा हिशेब होतो आणि आजचे वेत पाचवे ठरते. विकणारा वेताबद्दल खरे बोलत असेल, तर ही म्हैस एक तर फार उशिरा व्याली किंवा दोन वेतांमध्ये काही वर्षे भाकड राहिली. वेताबद्दलचे विधान खोटे असेल तर आपण पाचव्या वेताची म्हैस दुसऱ्या वेताच्या भावाने घेतो आहोत. ते खरे असेल तर आपण गाभण राहायला त्रास देणारी म्हैस घेतो आहोत, आणि ते अधिक महागात पडते. दोन्ही शक्यतांचा भाव वेगवेगळा असल्यामुळे दात पाहिल्यावर विचारायचा प्रश्न ‘खोटं का सांगता?’ हा नाही. ‘पहिल्यांदा कधी व्याली आणि आधीचं रेडकू कुठं आहे?’ हा तो प्रश्न आहे.

नऊ वर्षांची म्हैस टाकाऊ नसते, ती आणखी काही वेते देऊ शकते. परंतु दूध साधारण तिसऱ्या-चौथ्या वेतापर्यंत वाढते आणि पुढे उतरत जाते, आणि पशुविम्यात दुभत्या म्हशीसाठी बहुधा बारा वर्षांची व गायीसाठी दहा वर्षांची वयोमर्यादा असते. म्हणून या म्हशीचा पैसा किती वेतांत फिटेल आणि विमा किती काळ मिळेल, हे सौद्याआधी मोजावे लागते.

कानात बिल्ला असताना दात कशाला पाहायचे?

कानात बिल्ला नसलेल्या जनावरांची खरेदी-विक्री १ जून २०२४ पासून न करण्याचा निर्णय राज्यात झाला, आणि बारा अंकी क्रमांकावरून जनावराची नोंद पाहता येते. ही सोय मोलाची आहे. वासरू असतानाच बिल्ला मारला असेल तर नोंदीतले वय दातांपेक्षा कितीतरी अधिक विश्वसनीय असते. पण जनावर मोठे झाल्यावर बिल्ला मारला असेल, तर त्या दिवशी लिहिलेले वय मालकाने सांगितलेले किंवा दात पाहूनच ठरवलेले असते. तेव्हा नोंद कधी झाली ते आधी पाहावे, त्या वेळचे वय आणि मधला काळ मिळवावा आणि येणारे उत्तर तोंडाशी ताडून पाहावे. दोन्हींत वर्षभराचा फरक असेल तर सोडून द्यावा. तीन-चार वर्षांचा असेल तर बिल्ला याच जनावराचा आहे का, हेही विचारावे.

तोंड कसे पाहावे

जनावर खुंट्याला किंवा दावणीला नीट बांधलेले असावे. त्याच्या समोर उभे न राहता खांद्याजवळ बाजूला उभे राहावे, कारण ते डोके झटकते तेव्हा शिंग समोरच्याला लागते. एका हाताने वेसण किंवा मोरकी धरावी आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने खालचा ओठ खाली ओढावा. बहुतेक वेळा एवढ्यानेच आठही दात दिसतात. तोंड उघडावेच लागले, तर पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये बाजूला जी बिनदातांची जागा असते तेथूनच बोटे घालावीत. जीभ ओढू नये. दातांना चिकटलेला चारा पाण्याने धुऊन उजेडात पाहावे, कारण हिरव्या वैरणीचा थर आणि दंतिनाचा पट्टा अंधुक उजेडात सारखेच दिसतात.

जनावर लाळ गाळत असेल, गिळताना अडखळत असेल किंवा त्याचे वागणे विचित्र असेल, तर त्याच्या तोंडात हात घालू नये. ती लाळ्या-खुरकूत असू शकते आणि मग आपले हात, कपडे तो रोग आपल्याच गोठ्यापर्यंत नेतात. ती रेबीजही असू शकते, आणि त्या लाळेचा हातावरच्या एखाद्या ओरखड्याशी संबंध येणे जिवावर बेतते.

विकणाऱ्याने काय करावे

माझ्या मते विकणाऱ्याने वय वर्षांत सांगण्याचा आग्रह धरूच नये. ‘चार वर्षांचा’ हे विधान उद्या चुकीचे ठरू शकते, ‘आज सहा दाती आहे’ हे विधान चुकू शकत नाही, कारण ते दोघांनी डोळ्यांनी पाहिलेले असते. जन्मतारीख नक्की ठाऊक असेल, म्हणजे जनावर घरच्याच गायीचे असेल, तर ती जरूर सांगावी आणि बिल्ल्याची नोंदही दाखवावी. वस्तू विक्री अधिनियम, १९३० नुसार वर्णन करून विकलेला माल त्या वर्णनाशी जुळलाच पाहिजे, आणि कायद्याच्या दृष्टीने जनावर हीदेखील जंगम मालमत्ताच आहे. म्हणून पावतीवर जे लिहू तेच पुढे तपासले जाते.

इसार देण्याघेण्यापूर्वी पावतीवर बिल्ल्याचा क्रमांक, जात, दातांची स्थिती आणि वेत लिहावे. उदाहरणार्थ, ‘खिलार बैल, सहा दाती, कोपऱ्याचे दोन्ही दात दुधाचे’ किंवा ‘म्हैस, जुळलेली, मधल्या दोन जोड्या सपाट, वेत विकणाऱ्याच्या सांगण्यानुसार दुसरे’. खालचा ओठ ओढून, कानातला बिल्लाही दिसेल असा दातांचा एक फोटो दोघांच्याही मोबाइलमध्ये ठेवावा. रक्कम मोठी असेल किंवा विमा काढायचा असेल, तर पशुवैद्यकाकडून दातांची तपासणी करून त्याचा दाखला घ्यावा, आणि तो सौदा ठरण्यापूर्वी घ्यावा, कारण जनावर टेम्पोत चढल्यानंतर दातांवरून झालेला वाद मिटवणे दोघांनाही जड जाते.